‘वाचली’ची खरी वाक्ये

कर्मणी प्रयोग शिकवायला ‘रामाने आंबा खाल्ला’ किती वर्षे पुरणार? वर्तमानपत्रांतील मजकूर UTF-8 साध्या फाइलींत साठवून AntConc या मोफत साधनात उघडावा. मात्रा शब्दाचा भाग धरण्याची सोय सुरू करावी, नाहीतर मराठी शब्द तुटतात. मग ‘वाचली’ शोधावे. शब्द मधोमध आणि संदर्भ दोन्ही बाजूंना, अशा ओळी येतात. डावीकडच्या शब्दानुसार लावल्या की ‘तिने कादंबरी वाचली’, ‘त्याने बातमी वाचली’ एकत्र दिसतात. क्रियापद कर्मामागे जाते हे मुलेच ओळखतात. मात्र ‘ती अपघातातून वाचली’ हेही त्यांतच येते. तो कर्तरी प्रयोग आहे. साधनाला अर्थ कळत नाही, म्हणून प्रत्येक ओळ शिक्षकाने वाचूनच फळ्यावर लिहावी.