रिचार्ज आहे, मग नेट का बंद?

रिचार्ज चालू, टॉवरच्या दांड्या पूर्ण, फोन लागतो, वायफायही चालते. फक्त मोबाईल डेटा ठप्प. अशा वेळी कंपनीला दोष देण्याआधी आपल्याच फोनची सेटिंग तपासावी.

अँड्रॉइड फोनमध्ये Data warning & limit नावाचे पान असते. त्यावरची Data warning ही नुसती सूचना आहे, तिने काहीच बंद पडत नाही. डेटा तोडते ती Set data limit. काही जण इशारा समजून दुसरेच बटण दाबतात.

समजा, जुन्या महिन्याच्या पॅकसाठी कोणी 5 जीबीची मर्यादा घातली होती. आता पॅक रोज 2 जीबीचा आहे. रोज दीड जीबी वापरला, तरी चौथ्या दिवशी फोन स्वतःच डेटा थांबवतो. पॅक बदलल्याचे फोनला ठाऊकच नसते. तो स्वतःची मोजणी करतो आणि हिशेब ठरलेल्या तारखेलाच शून्यावर आणतो. पॅक मात्र 28 दिवसांचा, म्हणजे तारखा दर वेळी सरकणार. फोन बंद-चालू करूनही उपयोग नाही.

खात्रीसाठी सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहावे. तिथे नेट चालले, तर अडथळा बहुधा आपल्या फोनमध्येच आहे. मर्यादा सरळ बंद करावी, इशारा ठेवावा. रोजच्या कोट्याच्या पॅकवर महिन्याची मर्यादा तशीही निरर्थकच. मात्र जास्तीच्या वापराचे वेगळे पैसे लागणाऱ्या पोस्टपेड जोडणीवर ती जरूर ठेवावी, आणि कंपनीची मोजणी थोडी वेगळी असू शकते म्हणून जरा कमीच.