नोकरीला नकार कळवताना

कंपनीच्या एचआर विभागात उमेदवाराचं उत्तर येतं, तेव्हा उघडणाऱ्याला त्यातून एक गोष्ट पहिल्या दोन ओळींत कळायला हवी असते: यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला आज फोन करायचा की नाही. आपले आभार, आपली खंत, कंपनीबद्दलचा आदर हे सगळं त्यानंतर. आपल्याकडे मात्र नकाराची पत्रं नेमकी उलटी लिहिली जातात. आधी दोन परिच्छेद कौतुकाचे, मग ‘काही वैयक्तिक कारणांमुळे सध्या शक्य होईल असे वाटत नाही’ असं एक लोंबकळतं वाक्य, आणि शेवटी ‘भविष्यात पुन्हा संधी द्यावी’. लिहिणाऱ्याला वाटतं आपण फार नम्र होतो. वाचणाऱ्याला कळत नाही की हा नाही म्हणतोय, पगार वाढवून मागतोय की अजून दोन दिवस मागतोय.

ही गोष्ट एका उदाहरणावरून पाहू. समजा, भोसरीतल्या एका कारखान्यात सात-आठ वर्षं क्वालिटीत काम केलेला एक इंजिनिअर आहे. रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीकडून त्याला गुरुवारी संध्याकाळी ऑफर लेटर आलं. पद डेप्युटी मॅनेजर, काम लाइनवरच्या गुणवत्तेचं, तिन्ही पाळ्यांची जबाबदारी. उत्तर पुढच्या बुधवारपर्यंत हवं आहे. दरम्यान चाकणच्या एका कंपनीतही त्याचं काम झालंय. तिथे पुरवठादारांच्या गुणवत्तेचा विभाग, म्हणजे सप्लायर क्वालिटी, त्याच्याकडे येणार आहे आणि त्याला तेच हवं होतं. पगार रांजणगावपेक्षा थोडा जास्त. शनिवारपर्यंत त्याचं मन चाकणवर पक्कं झालं.

आता बहुतेक जण करतात ते हा इंजिनिअरही करू शकतो: बुधवार संध्याकाळपर्यंत गप्प बसायचं. मुदत बुधवारची आहे, त्यामुळे नियमाने त्यात काही वावगं नाही. पण पलीकडे काय चाललंय ते बघा. ही जागा भरायला वरून मंजुरी मिळालेली असते, त्यासाठी मुलाखती झालेल्या असतात आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ‘कळवतो’ असं सांगून ठेवलेलं असतं. तो काही हातावर हात ठेवून बसलेला नसतो, तोही इतरत्र मुलाखती देत असतो. सोमवारी नकार कळला तर तो हाती लागण्याची शक्यता बरी. बुधवारी रात्री कळला तर कदाचित त्यानेही कुठे तरी सही केलेली असेल. मग सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून. ज्या क्वालिटी हेडने आपली निवड केली, त्याला प्लँट हेडसमोर या उशिराचं उत्तर द्यावं लागतं. पुढे कधी आपलं नाव निघालं तर त्याला आपल्या पत्रातलं गोड वाक्य आठवणार नाही, ही फरफट आठवेल. म्हणून दार उघडं राहणार की नाही, हे माझ्या मते निम्मं पत्राच्या तारखेवर ठरतं.

पत्राआधी एक फोन करावा, आणि तो एचआरला नव्हे, ज्याच्या हाताखाली काम करायचं होतं त्याला. कारखान्यांत सकाळी उत्पादनाची बैठक असते. अकरानंतर केलेला बरा. तीन मिनिटं पुरतात. ‘सर, मी दुसरीकडे जायचं ठरवलंय, तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून फोन केला. एचआरला आता मेल करतोय.’ समोरून ‘किती देतायत ते?’ असा प्रश्न हमखास येतो. आकडा आणि कंपनीचं नाव सांगायचं बंधन नाही. सांगितलं की बोलणं तिथेच घासाघिशीवर जातं, आणि ज्याला घासाघीस करायचीच नाही त्याने त्यात पडू नये.

इथे एक गोष्ट स्वतःशी आधीच ठरवलेली हवी. रांजणगावने पैसे वाढवले तर आपण जाणार आहोत का? जाणार असू, तर नकाराचं पत्र लिहूच नये. सरळ पगाराविषयी बोलावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नकार पाठवायचा, समोरच्याने आकडा वाढवला की होकार द्यायचा, ही चाल एकदा चालून जाते. पण मग त्या कंपनीत आपल्या ‘नाही’ला पुन्हा किंमत राहत नाही.

नोकरी कन्सल्टंटमार्फत आली असेल तर त्यालाही त्याच दिवशी सांगायला हवं, मात्र कळवण्याचं काम त्याच्यावर सोपवू नये. त्याची फी बहुतेक वेळा उमेदवार प्रत्यक्ष रुजू झाल्यावर मिळते. त्यामुळे तो आपला नकार ‘थोडा विचार करतोय’ असा मवाळ करून पुढे पोचवण्याची शक्यता असते. त्याचा धंदा आहे, त्याला दोष नाही. पण पत्र थेट कंपनीला गेलं पाहिजे.

आता कारण. मोठ्या कंपन्यांत भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नकारापुढे कारणाचा एक रकाना असतो: पगार, ठिकाण, कामाचं स्वरूप, दुसरी ऑफर, आहे त्याच कंपनीने थांबवून घेतलं, वगैरे. आपण कारण दिलं नाही तर एचआरमधली व्यक्ती अंदाजाने काहीतरी भरते, आणि तो अंदाज बहुधा पैशांचा असतो. दोन वर्षांनी आपला अर्ज पुन्हा गेला की स्क्रीनवर तीच नोंद वर येते: पगारासाठी सोडून गेला होता. ‘वैयक्तिक कारण’ हे म्हणजे लग्नाच्या बाजारातलं ‘पत्रिका जुळत नाही’. ऐकणारा मान डोलावतो आणि आपल्या मनाने खरं कारण शोधायला लागतो.

म्हणून खरी असलेली कारणं मनात मांडावीत आणि त्यातलं एकच लिहावं. आपल्या इंजिनिअरकडे दोन आहेत, पगार आणि काम. पगार लिहिला तर एचआर त्याला वाटाघाट समजेल. काम लिहिलं तर दोन गोष्टी साधतात. एक, ते खरंच मोठं कारण आहे. दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे: मुलाखतीत क्वालिटी हेड सहज बोलून गेले होते की पुढच्या वर्षी नवी लाइन सुरू झाली की सप्लायर क्वालिटीचा वेगळा विभाग करायचा विचार आहे. म्हणजे कुठलं दार उघडं ठेवायचं ते त्याला नावानिशी सांगता येतं. ‘भविष्यात संधी असल्यास कळवा’ हे वाक्य कुणाला काहीच करायला लावत नाही, कारण कोणती संधी, केव्हा, कशासाठी, हे त्यात नसतं.

त्याचं पत्र साधारण असं होईल. ऑफर इंग्रजीत आली असेल तर उत्तरही इंग्रजीतच द्यावं, मजकूर हाच.

‘नमस्कार मॅडम,

गुरुवारी पाठवलेल्या ऑफरबद्दल आभार. डेप्युटी मॅनेजर (क्वालिटी) हे पद मी स्वीकारू शकत नाही, हे कळवण्यासाठी लिहीत आहे. माझा निर्णय पक्का आहे, त्यामुळे आपण पुढील उमेदवाराशी बोलू शकता.

मला यापुढे सप्लायर क्वालिटीत काम करायचे आहे आणि तशी जबाबदारी मला दुसरीकडे मिळाली आहे. आपल्याकडील काम लाइनवरचे आहे, एवढेच माझ्या निर्णयाचे कारण आहे.

मुलाखतीच्या वेळी सरांनी शॉप फ्लोअर स्वतः फिरून दाखवला आणि रिजेक्शनचे आकडे न लपवता समोर ठेवले, ते मला आवडले. नव्या लाइनसोबत सप्लायर क्वालिटीचा विभाग सुरू झाला, तर त्या कामासाठी माझा जरूर विचार करावा. सरांशी आज फोनवर बोललो आहे.

आपला,’

खाली नाव आणि मोबाइल नंबर. बस्स. दुसरं वाक्य नकाराचं आहे, तिसऱ्या वाक्याने पलीकडच्यांचं काम मोकळं केलं. ‘स्वीकारू शकत नाही’ याच्या आगेमागे ‘सध्या’, ‘बहुतेक’, ‘असे वाटते’ नाही. कौतुक एकाच गोष्टीचं आहे, पण ती प्रत्यक्ष पाहिलेली आहे. ‘आपल्या नामांकित संस्थेत’ असं लिहिलं असतं तर ते कोणत्याही कंपनीला चिकटवता आलं असतं. पाळ्यांबद्दल किंवा वाघोलीच्या वाहतूककोंडीबद्दल तक्रार नाही, कारण मेल कुणाकुणाकडे पुढे जाईल ते आपल्या हातात नसतं.

आणखी एक बारकावा. ज्या मेलमधून ऑफर आली, त्यालाच उत्तर द्यावं आणि त्यात असलेल्या सगळ्यांना जाऊ द्यावं. नवा मेल सुरू करू नये, नुसत्या व्हॉट्सअॅपवर तर नकोच. पुढे कुणी शोधलं तर अर्ज, ऑफर आणि नकार एकाखाली एक सापडतात. या पत्राला उत्तर आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नये. एचआरच्या दृष्टीने ते प्रकरण मिटलेलं असतं.

आतापर्यंतचं सगळं ऑफर स्वीकारण्याआधीचं झालं. सही करून, रुजू व्हायची तारीख देऊन मग माघार घेणं ही वेगळीच गोष्ट आहे. आयटीत नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. त्या तीन महिन्यांत हातातली ऑफर दाखवून दुसरी मिळवायची, तिच्या जोरावर तिसरी, असा खेळ बराच चालतो. कंपन्यांनाही तो पाठ झालाय. म्हणून तर त्या राजीनामा मंजूर झाल्याचा मेल मागतात आणि मधूनमधून फोन करत राहतात. सही केल्यावर करार झालेला असतो. कोर्ट कुणाला बळेच नोकरीवर पाठवत नाही हे खरं, पण कंपनीने आगाऊ बोनस किंवा घर हलवण्याचा खर्च दिला असेल तर तो परत मागितला जाणारच. तो स्वतःहून परत करायची तयारी पत्रातच लिहावी. अशा वेळी क्षमा मागावी, कारण एका वाक्यात सांगावं आणि पुन्हा संधी देण्याची विनंती पत्रात घालूच नये. त्या दिवशी ती वाचणाऱ्याला चिडवल्यासारखी वाटते. त्या कंपनीचं दार काही वर्षं बंद राहील, हे गृहीत धरून चालावं. ते पुढे कधी उघडलं तर तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसामुळे उघडेल. आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करून बसणाऱ्याला तीही सोय उरत नाही. पुण्यातल्या एका औद्योगिक पट्ट्यातले एचआरवाले एकमेकांना ओळखतात, आणि नोकऱ्या बदलत तेच चेहरे या कंपनीतून त्या कंपनीत दिसतात.

आपल्या इंजिनिअरचं काम मात्र अजून थोडं उरलंय. दिवाळीच्या शुभेच्छांचे फॉरवर्ड पाठवून क्वालिटी हेडच्या लक्षात राहता येत नाही. त्याच्या ओळखीत लाइन क्वालिटीचा चांगला माणूस असेल, तर त्याला विचारून त्याचं नाव सुचवावं. जागा रिकामी असताना ती मदत उपयोगी पडते. आणि वर्षभराने रांजणगावच्या नव्या लाइनची जाहिरात दिसली, तर नवा अर्ज करण्याआधी तोच जुना मेल उघडावा आणि त्यालाच उत्तर म्हणून दोन ओळी लिहाव्यात. आपण कोण, का आलो नव्हतो आणि काय हवं होतं, हे पुन्हा सांगावं लागणार नाही. ते खाली आधीच लिहिलेलं असतं.