‘सल्फेट-फ्री’ शाम्पू : बाटलीत काय नाही ते कळते, काय आहे ते मात्र नाही

शाम्पूच्या बाटलीवर ‘सल्फेट-फ्री’ हे शब्द आले की तिची किंमत चढते आणि ग्राहकाच्या मनात एक ग्रह तयार होतो : हा शाम्पू सौम्य असणार, टाळूच्या त्वचेला आणि केसांना तो जपणार. शब्दशः पाहिले तर हा दावा बहुधा खरा असतो. सोडियम लॉरिल सल्फेट किंवा सोडियम लॉरेथ सल्फेट त्या बाटलीत नसते. परंतु तेल आणि मळ काढण्याचे काम कोणत्या तरी द्रव्याला करावेच लागते. सल्फेट काढून घेतल्यावर त्याच्या जागी काय आले, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि बाटलीचा दर्शनी भाग त्याविषयी काहीच सांगत नाही.

मळ काढणाऱ्या या द्रव्यांना सर्फॅक्टंट किंवा पृष्ठसक्रिय द्रव्ये म्हणतात. त्यांच्या रेणूला दोन टोके असतात. एक टोक तेलाकडे ओढले जाते, दुसरे पाण्याकडे. पाण्यात पुरेसे रेणू जमले की ते एकत्र येऊन सूक्ष्म गोळे करतात. तेलाकडची टोके आत, पाण्याकडची बाहेर. या गोळ्यांना मायसेल म्हणतात. डोक्यावरचे तेल आणि त्याला चिकटलेली धूळ त्यांच्या पोटात शिरते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. फेस येणे हा या गुणधर्माचा दृश्य परिणाम असला तरी फेस अधिक म्हणजे स्वच्छता अधिक, असे समीकरण नाही.

अडचण अशी, की सर्फॅक्टंटला नको असलेले तेल आणि हवे असलेले तेल यांतला भेद कळत नाही. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या फटी स्निग्ध द्रव्यांनी लिंपलेल्या असतात. हे लिंपण टिकले तर शरीरातील ओलावा आत राहतो. तीव्र सर्फॅक्टंट त्यातला काही भाग विरघळवून नेतो. शिवाय सल्फेटच्या पाण्याकडील टोकावर ऋण विद्युतभार असतो. ते टोक पेशींमधील केराटिन या प्रथिनाला चिकटते आणि पेशी पाण्याने फुगतात. न्हाऊन झाल्यावर केस वाळू लागले की टाळू ताणल्यासारखी वाटते, ती याचमुळे. हे वारंवार आणि जोराने घडले तर खाज सुटते, त्वचा लालसर होते, कोरडे पापुद्रे निघतात.

मात्र सगळी सल्फेटे सारखी नाहीत. सोडियम लॉरिल सल्फेटचे रेणू आणि मायसेल लहान असल्याने ते त्वचेत तुलनेने सहज शिरतात. त्याच्या रेणूला इथिलीन ऑक्साइडची जोड दिली की सोडियम लॉरेथ सल्फेट तयार होते. त्याचे पाण्याकडील टोक मोठे असते, मायसेल थोराड असतात आणि त्वचेला होणारा त्रास कमी असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या शाम्पूंमध्ये बहुतांशी हेच दुसरे द्रव्य असते. त्यात कोकामिडोप्रोपिल बीटेन मिसळले की दोन्हींचे मिश्र मायसेल बनतात, सुटे रेणू कमी उरतात आणि मिश्रण आणखी सौम्य होते. एकेका घटकाचे नाव वाचून शाम्पूची तीव्रता ठरवता येत नाही, त्याचे कारण हेच.

सल्फेटविषयीच्या धास्तीला एक जुनी पार्श्वभूमी आहे. त्वचेवर मुद्दाम दाह निर्माण करून त्यावरील उपायांचा अभ्यास करायचा झाला, तर संशोधक प्रमाणित द्रव्य म्हणून सोडियम लॉरिल सल्फेटच वापरतात. अशा प्रयोगात ते बंद पट्टीखाली अनेकदा 24 तास ठेवले जाते. डोक्यावर शाम्पू एक-दोन मिनिटे राहतो, तोही भरपूर पाण्यात मिसळलेला. पट्टीखालचा निष्कर्ष न्हाणीघरात जसाच्या तसा लागू होत नाही. अमेरिकेतील ‘कॉस्मेटिक इन्ग्रेडिअंट रिव्ह्यू’ या तज्ज्ञ मंडळाने 1983 मध्ये नेमका हाच भेद केला. थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकायच्या उत्पादनांत हे द्रव्य सुरक्षित आहे, त्वचेवर दीर्घकाळ राहणाऱ्या उत्पादनांत मात्र त्याचे प्रमाण 1 टक्क्यापेक्षा अधिक नसावे, असे मंडळाने म्हटले. त्यानंतर 1990च्या दशकात त्यामुळे कर्करोग होत असल्याची अफवा ई-मेलमधून पसरली. तिला शास्त्रीय आधार नव्हता.

या भीतीत तथ्याचा एक कण आहे आणि तो वेगळा काढून पाहायला हवा. लॉरेथ सल्फेट बनवताना 1,4-डायॉक्सेन हे अनावश्यक द्रव्य अत्यल्प प्रमाणात उरू शकते. ते मानवाला कर्करोगकारक असण्याची शक्यता आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवली आहे. उत्पादक ते निर्वात प्रक्रियेने काढू शकतात आणि न्यूयॉर्क राज्याने सौंदर्यप्रसाधनांत त्याची मर्यादा दहा लाख भागांत 10 भाग अशी घातली आहे. प्रश्न शुद्धीकरणाचा आहे. इथिलीन ऑक्साइडची हीच जोड दिलेली अन्य द्रव्ये वापरणाऱ्या सल्फेटमुक्त शाम्पूलाही तो लागू पडतो.

आता दोन बाटल्या शेजारी ठेवून त्यांची मागची बाजू वाचून पाहू. भारतातील सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 नुसार 1 टक्क्यापेक्षा अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणून पाण्यानंतरची तीन-चार नावेच खरी माहिती देतात. पहिल्या बाटलीवर पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन आणि ग्लिसरीन असा क्रम आहे. दुसरीवर ठळक अक्षरांत ‘सल्फेट-फ्री’ छापले आहे आणि मागे पाणी, सोडियम सी14-16 ओलेफिन सल्फोनेट, मीठ, सुगंध असा क्रम आहे. सल्फोनेटमध्ये गंधकाचा अणू कार्बनला थेट जोडलेला असतो, सल्फेटमध्ये मध्ये ऑक्सिजन असतो. या फरकामुळे दावा कायदेशीरदृष्ट्या खरा ठरतो. पण ओलेफिन सल्फोनेट हे तेल काढण्यात चांगलेच जोरकस आहे. या जोडीतला सौम्य शाम्पू बहुधा पहिला, म्हणजे सल्फेटवाला आहे.

दुसऱ्या बाटलीवर सुरुवातीलाच सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, एखादे ग्लुटामेट किंवा डेसिल ग्लुकोसाइड असते, तर चित्र पालटले असते. ही द्रव्ये खरोखर सौम्य मानली जातात. यादी वाचताना एक गफलत मात्र टाळावी. कंडिशनरवर दिसणारे बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट हे नावात सल्फेट असूनही धुणारे द्रव्य नव्हे, ते केस मऊ करणारे आहे.

नाव आणि गुण यांतील ही फारकत अंघोळीच्या साबणात तर सर्वांत स्पष्ट दिसते. पारंपरिक साबणात सल्फेट नसते. तरीही त्याचा सामू 9 ते 10च्या घरात असतो, तर त्वचेचा साधारण 5.5. शिवाय जड पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका बनतो आणि तो केसांवर बसतो. बोअरवेलच्या पाण्यावर राहणाऱ्यांना केसांचा हा राठपणा परिचयाचा आहे. रिठा आणि शिकेकाईचे कामही सॅपोनिन या नैसर्गिक सर्फॅक्टंटवर चालते. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यावर काय होते, हे घरोघरी ठाऊक आहे.

बदल करण्याचा लाभ कोणाला होऊ शकतो? ज्यांची त्वचा मुळातच कोरडी किंवा इसबाकडे झुकणारी आहे आणि न्हाल्यानंतर काही तासांतच ज्यांची टाळू चुरचुरते, त्यांना. अतिशय कुरळे, कोरडे केस असणाऱ्यांनाही फरक जाणवू शकतो, कारण टाळूचे तेल वळणदार केसांच्या टोकापर्यंत सहज उतरत नाही. रंगवलेल्या केसांबाबतचा दावा मात्र जितका ठासून केला जातो तितका भक्कम नाही. धुताना रंग उतरण्यात पाण्याचाच वाटा मोठा असतो. केसगळतीचे खापरही सल्फेटवर फुटू नये. दिवसाला सुमारे 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. आठवड्यातून एकदा न्हाणाऱ्याच्या हातात साचलेले सारे एकदम येतात, एवढेच.

कोंड्याच्या बाबतीत चुकीचा निर्णय खरोखर महागात पडतो. कोंड्यामागे मॅलेसेझिया हे बुरशीवर्गीय सूक्ष्मजीव असतात आणि ते टाळूच्या तेलावर वाढतात. कोंडा पाहून ‘टाळू कोरडी झाली’ असे समजून अतिसौम्य शाम्पू घेणारा आणि न्हाणेही कमी करणारा माणूस त्यांचे खाद्य वाढवत असतो. वारंवार न्हाल्याने तेल अधिक सुटते, ही समजूतही चुकीची आहे. तैलग्रंथींचे काम मुख्यतः संप्रेरकांवर चालते. कोंड्याला केटोकोनॅझोलसारखे बुरशीरोधक द्रव्य लागते, आणि तो शाम्पू तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवावा लागतो. त्यात सल्फेट आहे म्हणून तो टाळणे म्हणजे औषध नाकारणेच होय.

खर्चाचा हिशेब उदाहरणाने पाहता येतो. समजा, साधा शाम्पू 300 मिलिलिटरला 240 रुपये आणि सल्फेटमुक्त 250 मिलिलिटरला 500 रुपये आहे. एका वेळी 10 मिलिलिटर लागले तर एका न्हाण्याचा खर्च अनुक्रमे 8 आणि 20 रुपये. आठवड्यातून तीनदा न्हाणाऱ्याला वर्षाकाठी सुमारे 1,870 रुपये अधिक मोजावे लागतील. ज्याची टाळू कुरकुर करत नाही, त्याला या पैशांच्या बदल्यात फारसे काही मिळत नाही. त्रास किरकोळ असेल तर आधी बिनखर्ची उपाय करून पाहावा. शाम्पू निम्मा घ्यावा, मगभर पाण्यात फेटून टाळूवरच लावावा, केसांची टोके चोळू नयेत आणि भरपूर पाण्याने धुवावे. असे पातळ मिश्रण बाटलीत भरून मात्र ठेवू नये. त्यातील परिरक्षक विरळ होतो आणि जंतू वाढू शकतात.

शाम्पू बदलायचाच असेल तर तेल, कंडिशनर, रंग यांत काही न बदलता चार आठवडे पाहावे. चुरचुर थांबली आणि जुन्या शाम्पूकडे परतताच पुन्हा सुरू झाली, तर कारण त्यातच होते. चार आठवड्यांनीही खाज कायम असेल, किंवा पुरळ कपाळ, कान, मान या शाम्पूचे पाणी ओघळणाऱ्या भागांवर उमटत असेल, तर संशय ॲलर्जीकडे वळवावा. तिचे मूळ सहसा सल्फेटमध्ये नसते. सुगंधी द्रव्ये आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारखे परिरक्षक हे नेहमीचे संशयित आहेत, आणि ते सल्फेटमुक्त शाम्पूतही असतात. सौम्य म्हणून वापरले जाणारे कोकामिडोप्रोपिल बीटेन 2004 मध्ये आणि ग्लुकोसाइड गटातील द्रव्ये 2017 मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ म्हणून निवडली होती. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात. पट्ट्या दोन दिवस ठेवून काढल्या जातात आणि पुढे आणखी एक-दोन दिवसांनी त्वचा पुन्हा तपासली जाते. तिथे जाताना वापरातील सर्व बाटल्या सोबत न्याव्यात. छोट्या सॅशेवर घटकांची यादी बहुधा नसते, त्यामुळे मोठ्या बाटलीचे वेष्टन जपून ठेवलेले बरे.