‘मंजूर आहे’, पण काय?

गेल्या भागात फॉरवर्ड होत फिरणारे मजकूर पाहिले. आज स्क्रीनशॉट, तोही व्हॉट्सअॅप ग्रुपचा.

समजा, एका सोसायटीत असा स्क्रीनशॉट फिरतोय. तिसऱ्या मजल्यावरचे रहिवासी विचारतात, ‘बाल्कनी बंद करून खोलीत घेतोय, हरकत नाही ना?’ त्याखाली सेक्रेटरी : ‘मंजूर आहे. उद्यापासून सुरू करा.’ सभासद खवळतात. मूळ ग्रुप उघडल्यावर दिसतं की 10:42 ला पाण्याची टाकी धुण्याचा दर आला होता, 10:47 ला बाल्कनीचा प्रश्न आणि 10:48 ला सेक्रेटरींचं उत्तर. ते टाकीला होतं. स्क्रीनशॉटमध्ये एक अक्षरही खोटं नाही, फक्त वरचा संदेश कापलाय.

दोघांच्या चॅटमध्ये खालचा संदेश बहुधा वरच्याचंच उत्तर असतो. ग्रुपमध्ये मात्र एक जण टाइप करत असताना मध्येच दुसऱ्याचा मजकूर येऊन बसतो. म्हणून आधी पाहायचं ते उत्तराच्या फुग्यात, मजकुराच्या वर, मूळ संदेशाचा छोटा चौकोन आहे का. संदेश सरकवून रिप्लाय दिला असेल तर तो दिसतो. नसेल, तर शेजार म्हणजे नुसता क्रम. मात्र कात्री या चौकोनावरूनही फिरू शकते. फुग्याची वरची कड गोलाईऐवजी सपाट तुटलेली दिसली, की समजावं.

वेळेचंही तसंच. संदेशाखाली फक्त 10:48 असतं. तारीख मधल्या पट्टीवर येते आणि तीच बहुतेकदा कापली जाते. अगदी वर, बॅटरीच्या ओळीत दिसणारी वेळ स्क्रीनशॉट काढल्याची असते, संदेशाची नव्हे. नावावरही विसंबू नये : त्या फोनमध्ये ज्या नावाने नंबर सेव्ह केलाय तेच झळकतं. कुणालाही ‘सेक्रेटरी’ म्हणून सेव्ह करता येतं!

मग करायचं काय? ग्रुपमधल्या दुसऱ्या सभासदाच्या फोनवर तोच दिवस उघडावा आणि त्या संदेशाच्या आधीचं-नंतरचं सलग वाचावं. ‘एडिटेड’ची खूण किंवा संदेश डिलीट केल्याची ओळ दिसते का, तेही बघावं. पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंत मजकूर बदलता येतो आणि बदलण्याआधी काय होतं ते दिसत नाही. एक्स्पोर्ट केलेली चॅट सोयीची वाटते खरी. तारखा आणि क्रम नीट मिळतात, पण कोणता संदेश कशाला रिप्लाय होता हे त्या फाइलमध्ये येत नाही. आपल्या उदाहरणात नेमकं तेच हवंय. शिवाय ती साधी मजकुराची फाइल, कुणीही बदलू शकतो. त्यापेक्षा सेक्रेटरींनाच सरळ विचारलेलं बरं.

आणि ते उत्तर खरोखर बाल्कनीलाच असतं तरी? परवानगी ग्रुपवर मिळत नसते. कमिटीच्या सभेचं इतिवृत्त मागवा, महापालिकेची मंजुरी आहे का विचारा.