नमुन्याच्या फोटोचा रंग आणि भाव शब्दांत मांडताना

शब्दांवरून चित्र काढणाऱ्या संगणकीय साधनाला ‘या फोटोसारखं उदास, पावसाळी वातावरण हवं’ एवढंच सांगितलं, तर बहुधा गडद निळ्या रंगाचं, चकचकीत आणि नाटकी चित्र मिळतं. मूळ फोटोतली उदासी मात्र निराळीच असते. ‘उदास’ हा शब्द फोटो बघणाऱ्याच्या मनावर झालेला परिणाम सांगतो. तो कशामुळे झाला, हे त्यातून कळत नाही. म्हणून नमुन्याच्या फोटोचं वर्णन करताना परिणामाकडून कारणाकडे यावं लागतं. कोणते रंग आहेत, ते किती जागा व्यापतात, किती मळकट आहेत आणि उजेड कुठून येतो, हे नेमकं लिहिलं की भाव बऱ्याच अंशी आपोआप उतरतो.

उदाहरणादाखल कोकणातल्या एका बंदराचा फोटो घेऊ. जुलैची सकाळ आहे, मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढून ठेवल्या आहेत. आभाळ पूर्ण झाकलेलं आहे. जांभ्या दगडाचा धक्का भिजून काळपट झाला आहे, त्याच्या सांध्यांत शेवाळ आहे आणि एका होडीवर पिवळी ताडपत्री बांधली आहे. धक्क्याच्या टोकाला एक बाई पाठमोरी उभी आहे. समजा, याच भावाची चित्रं एका मासिकाला गावच्या शाळेवरच्या लेखासाठी हवी आहेत.

पहिलं काम म्हणजे फोटोतल्या वस्तू विसरणं. डोळे किलकिले करून फोटो पाहावा, किंवा मोबाइलवर तो नखाएवढा लहान करावा. होडी, बाई, दगड ओळखू येईनासे झाले की रंगांचे मोठे पट्टे उरतात. इथे वरचा अर्ध्याहून अधिक भाग फिका राखाडी आहे, खालचा सुमारे एक तृतीयांश भाग गडद तपकिरी आहे, मध्ये हिरव्याची कड आहे आणि एक छोटासा पिवळा ठिपका आहे. रंगांची यादी करताना हे प्रमाण लिहिणं सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच बहुतेक वर्णनांत राहून जातं. ‘राखाडी, तपकिरी, हिरवा, पिवळा’ एवढंच लिहिलं तर साधन चारही रंग जवळपास सारखे वाटून टाकतं, आणि पिवळा चौपट झाला की पावसाळी सकाळ जत्रेसारखी दिसू लागते.

यानंतर प्रत्येक रंगाच्या तीन गोष्टी लिहायच्या: तो मुळात कोणता रंग आहे, किती उजळ किंवा गडद आहे आणि किती तेजस्वी किंवा मळकट आहे. रंग या तीन अंगांनी मोजायची पद्धत अमेरिकन चित्रकार आल्बर्ट मन्सेल यांनी 1905 मध्ये पुस्तकरूपाने मांडली आणि ती आजही वापरात आहे. त्यानुसार धक्क्याचा रंग ‘लालसर तपकिरी, बराच गडद, मळकट’ असा होतो. साड्यांच्या दुकानातली आमसुली, शेवाळी, डाळिंबी ही नावं या तिन्ही गोष्टी एका दमात सांगतात, त्यामुळे माणसाला सूचना देताना ती फार उपयोगी पडतात. साधनाला मात्र ती ओळखीची असतीलच असं नाही, म्हणून त्याच्यासाठी ती फोडून लिहिलेली बरी. रंगांचे आकडी संकेतही अनेक साधनं नेमकेपणाने पाळत नाहीत. ‘भिजलेल्या जांभ्याचा’, ‘जुन्या पत्र्याचा’ अशा वस्तूंच्या ओळखीने रंग सहसा अधिक जवळ येतो.

इथे डोळे मात्र हमखास फसवतात. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगकामाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे काळा धागा फिका दिसत असल्याची तक्रार आली होती. धाग्याच्या रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. यातून निघालेलं त्यांचं रंगभेदाविषयीचं पुस्तक 1839 मध्ये प्रसिद्ध झालं. बंदराच्या फोटोतही तेच होतं. पिवळ्या ताडपत्रीशेजारचं आभाळ निळसर भासतं आणि वर्णन करणारा सरळ ‘निळं आभाळ’ लिहितो. पांढऱ्या कागदाला बारीक भोक पाडून त्यातून तोच भाग पाहिला, किंवा फोटो संपादनाच्या अॅपमधल्या रंग टिपणाऱ्या ड्रॉपरने तपासला, तर तो जवळजवळ निव्वळ राखाडी निघतो. ‘निळं’ लिहिलं असतं तर नव्या चित्रात ऊन पडलं असतं.

रंगांनंतर उजेड. सावल्यांच्या कडा पाहिल्या की तो कसा आहे हे कळतं. या फोटोत सावल्या जवळजवळ नाहीतच, कारण सगळं आभाळच उजेड देतं आहे. सर्वांत गडद जागाही पूर्ण काळी नाही, ती गडद राखाडी आहे; सर्वांत उजळ जागाही पांढरीशुभ्र नाही. फोटोतला थकलेला, थांबलेला भाव मुख्यतः या दोन गोष्टींतून येतो. चित्र काढणाऱ्या साधनांचा कल बहुतेकदा गडद काळ्याकडे आणि झगझगीत पांढऱ्याकडे असल्यामुळे हे स्पष्ट लिहावंच लागतं. भावाची उरलेली कारणं मांडणीत आहेत: माणूस लहान, पाठमोरा, कडेला आणि भोवती भरपूर मोकळी जागा.

आता वर्णन असं होतं: ‘चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग फिका, निव्वळ राखाडी, एक तृतीयांश गडद, मळकट लालसर तपकिरी, थोडा शेवाळासारखा हिरवा, मळकट पिवळा फक्त एका लहान वस्तूवर. ढगाळ दिवसाचा सर्व बाजूंनी येणारा मऊ उजेड, सावल्या जवळजवळ नाहीत. सर्वांत गडद भाग गडद राखाडी, सर्वांत उजळ भाग फिका राखाडी. माणूस लहान, कडेला, पाठमोरा, भोवती रिकामी जागा.’ यात बंदर, होडी, पाऊस यांपैकी एकही शब्द नाही, आणि तो मुद्दामच टाळला आहे. ‘बंदरावरची पावसाळी सकाळ’ असं लिहिलं असतं तर शाळेच्या वर्गात पाणी नाहीतर छत्र्या डोकावल्या असत्या.

या वर्णनाला ‘गावच्या शाळेचा रिकामा वर्ग’ हा विषय जोडला की एक नवी अडचण येऊ शकते. वर्ग म्हटल्यावर साधन दिवा लावतं किंवा खिडकीतून सोनेरी ऊन आणतं आणि सगळी भिंत पिवळी पडते. तिथे ‘दिवा नको’ असं लिहून भागेलच असं नाही, कारण अनेक साधनं नकार नीट पाळत नाहीत. उलट ‘दिवा’ शब्द वाचून दिवाच काढतात. त्याऐवजी काय हवं ते लिहावं: ‘उजेड फक्त उघड्या खिडकीतून, ढगाळ, राखाडी’. पिवळ्यालाही ठरलेली जागा द्यावी, जसं की बाकावर ठेवलेलं एक पिवळं दप्तर. जागा दिली नाही तर तो रंग भिंतीवर, फळ्यावर, कपड्यांवर पसरत जातो.

वर्णन जमलं की नाही हे एका चित्रावरून कळत नाही. तेच शब्द तीन वेगळ्या विषयांना लावावेत: वर्ग, स्वयंपाकघर, एसटीची वाट पाहणारा माणूस. तिन्ही चित्रं नखाएवढी करून मूळ फोटोशेजारी मांडली की वेगळं पडलेलं चित्र लगेच कळतं. तिन्ही एकाच दिशेने चुकली असतील, समजा तिन्ही जास्त निळी झाली असतील, तर दोष वर्णनात आहे. एकच चुकलं असेल तर दोष त्या विषयाच्या ओळीत आहे. दुरुस्ती करताना एका वेळी एकच शब्द बदलावा, नाहीतर फरक कशाने पडला ते समजत नाही.

शब्दांनी नेमकी छटा मात्र मिळत नाही. तीन चित्रं एकाच पानावर छापायची असतील तर शेवटचा मेळ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने घालावा लागतो. तोही एकाच पडद्यावर, डोळ्यांना आराम देणारा पिवळसर प्रकाश बंद करून घालावा, कारण तो सुरू असेल तर मूळ राखाडी रंगच पिवळट दिसतो.