जनरेटर दुकानात, धक्का खांबावर

बाजारपेठेतल्या अनेक दुकानांत जनरेटर जोडण्याची एक पद्धत सर्रास दिसते. वायरच्या दोन्ही टोकांना प्लग लावायचे. एक प्लग जनरेटरमध्ये, दुसरा भिंतीवरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्ये. लाइट गेली की मेन स्विच बंद करायचा आणि जनरेटर सुरू करायचा. शे-दोनशे रुपयांत सगळं दुकान उजळतं. तुमच्याकडे अशी वायर असेल तर ती आजच तोडून टाका. भिंतीतून प्लग निसटला तर त्याच्या उघड्या पिनांवर 230 व्होल्ट असतात, हा तिचा धोका निदान समोर तरी दिसतो. त्याहून मोठा धोका दुकानाबाहेर आहे आणि तो दुकानदाराला दिसत नाही.

या जोडणीत जनरेटरची वीज आणि महावितरणची लाइन यांच्यामध्ये फक्त मेन स्विच असतो. तो बंद करायला एक दिवस कुणी विसरलं, किंवा नव्या पोऱ्याने अंधारात चाचपडत तो पुन्हा चालू केला, तर वीज मीटरमधून उलटी निघते आणि सर्व्हिस वायरने खांबावर पोचते. तिथून ती डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरते. अकरा हजार व्होल्ट खाली आणणारा ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेनेही तितक्याच निमूटपणे काम करतो. एका फेजवर मागून 230 व्होल्ट मिळाले, तर त्याच प्रमाणात वरच्या बाजूला दहा हजारांच्या आसपास व्होल्ट तयार होतात. डीपीजवळचे डीओ फ्यूज उतरवून, आता ही बाजू मेली असं समजून वायरमन वर चढलेला असतो.

यावर दुकानदारांचं एक उत्तर ठरलेलं असतं, की एवढासा जनरेटर अख्ख्या गल्लीचा भार कसा ओढेल, तो लगेच बंद पडेल. बऱ्याचदा तसं होतंही. पण वायरमनने दुरुस्तीसाठी खांबावरचा जंपर सोडला असेल, किंवा वादळात तार तुमच्या दोन खांब पुढेच तुटली असेल, तर जनरेटरवर गल्लीचा भार येतच नाही. तो आरामात चालत राहतो आणि तुटून लोंबणारी तार जिवंत राहते. म्हणजे नेमकं जेव्हा माणूस तारेला हात लावणार असतो, तेव्हाच लहान जनरेटर बंद न पडण्याची शक्यता जास्त. आणि हे सगळं चालू असताना लाइनवर वीज परत आली, तर दोन्हीकडच्या विजेच्या लहरी जुळत नसतात. त्या झटक्यात अल्टरनेटर जळतो, वायरिंग पेटू शकतं.

यावर उपाय चेंजओव्हर स्विचचा. त्याच्या एका दांड्याला तीन जागा असतात: एकीकडे लाइन, मध्ये शून्य, दुसरीकडे जनरेटर. आतली रचनाच अशी असते की दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्या जाऊच शकत नाहीत. इथे कुणाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून नाही, हाच त्याचा खरा गुण. शेजारी शेजारी दोन एमसीबी बसवून ‘एक बंद, एक चालू’ करणं म्हणजे चेंजओव्हर नव्हे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी दूध-आइस्क्रीमचं दुकान आहे, सिंगल फेज जोडणी. दोन डीप फ्रीझर, एक फ्रिज, दिवे, पंखे, वजनकाटा, बिलाचा संगणक. चालू स्थितीतला भार दीड किलोवॅटच्या आत. पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढतो, म्हणून पाच केव्हीएचा सेट घेतला. त्याचा पूर्ण करंट साधारण 22 अँपिअर. लाइनच्या बाजूचा मुख्य एमसीबी 40 अँपिअरचा असेल, तर चेंजओव्हर किमान 40चा हवा, कारण त्याला दोन्हींपैकी मोठा करंट पेलायचा असतो. जनरेटरकडून येणाऱ्या वायरला तिचा वेगळा एमसीबी लागतो. त्याहून मोठा सेट घेऊ नये. सतत अगदी कमी भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनात इंधन नीट जळत नाही, सायलेन्सरमध्ये तेलकट काजळी साचते.

हा चेंजओव्हर दोन पोलचा असावा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. थ्री फेज जोडणीला चार पोलचा. खर्च वाचवायला फक्त फेज चेंजओव्हरमधून नेऊन न्यूट्रल एकत्र बांधणारे मिस्त्री आहेत, आणि ‘न्यूट्रलला काय होतंय’ हे त्यांचं पालुपद असतं. होतं ते असं: लहान सेटचा न्यूट्रल बहुधा जमिनीशी जोडलेला नसतो. अशा वेळी दुकानात फेज कुठे लोखंडी कपाटाला किंवा ओल्या भिंतीला लागली, तर जमिनीच्या मानाने न्यूट्रलच 230 व्होल्टवर जातो. खांबावर सोडवून ठेवलेली न्यूट्रलची तार वायरमन निर्धास्तपणे हातात धरतो. म्हणून दोन पोलचा चेंजओव्हर बसवावा, शिवाय जनरेटरच्या बाजूचा न्यूट्रल आर्थिंगला जोडून घ्यावा. तो जोडला नाही, तर जनरेटरवर चालताना आरसीसीबी गळती ओळखू शकत नाही. सेटच्या सांगाड्यालाही आर्थिंगच्या दोन वेगळ्या जोडण्या हव्यात. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावं.

छतावर ग्रिडला जोडलेलं सोलर असेल, तर त्याची वायर चेंजओव्हरच्या लाइनकडच्या बाजूला यायला हवी. ती दुकानाच्या बाजूला आली, तर सोलरचा इन्व्हर्टर जनरेटरच्या विजेलाच ग्रिड समजतो आणि त्यात वीज ढकलू लागतो.

वापरण्याचा क्रमही ठरलेला असावा. लाइट गेली की आधी फ्रीझरसह सगळे एमसीबी बंद करायचे, दांडा शून्यावर आणायचा, मग सेट सुरू करायचा. दोन-तीन मिनिटांनी व्होल्टमीटर 230च्या आसपास स्थिर दिसला की दांडा जनरेटरकडे वळवायचा. पहिला फ्रीझर चालू करायचा, तो सुरळीत झाल्यावर दुसरा, शेवटी दिवे आणि संगणक. लाइट आली की लगेच घाई करू नये, ती पुन्हा जाण्याचा संभव असतो. चार-पाच मिनिटं थांबून भार बंद करावा, दांडा शून्यावरून लाइनकडे न्यावा आणि सेट थोडा वेळ रिकामा चालवून बंद करावा. डिझेल भरायचं ते इंजिन थंड झाल्यावरच.

जोडणी बरोबर आहे की नाही, हे कळायला ठेकेदाराकडून चेंजओव्हरच्या लाइनकडच्या टर्मिनलवर एक इंडिकेटर दिवा लावून घ्या. लाइट गेलेली असताना आणि जनरेटर चालू असताना तो दिवा विझलेलाच असला पाहिजे. तो उजळला, तर वीज उलटी जाते आहे, सेट त्याच क्षणी बंद करा. दांडा शून्यावर असताना दुकानातला एकही दिवा किंवा पंखा चालता कामा नये. एखादा चालला, तर ती वायर चेंजओव्हरला वळसा घालून गेली आहे. जुन्या दुकानांत मागच्या खोलीची किंवा पाटीच्या दिव्याची वायर अशी राहून गेलेली असते.

सेट शटरच्या आत किंवा जिन्याखाली कधीच चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस बेशुद्ध पडतो. धुराड्याचं तोंड उघड्यावर हवं, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या खिडक्यांपासून दूर.