पाच जण, सहा स्लाइड आणि एक प्रश्न

नववीच्या वर्गात अपारंपरिक ऊर्जेवर गटाने सादरीकरण करायचं ठरलं की वाटणी ठरलेलीच असते. सूर्य एकाकडे, वारा दुसरीकडे, पाणी तिसऱ्याकडे. मग प्रत्येक जण व्याख्या, फायदे, तोटे याच क्रमाने वाचत जातो आणि तिसऱ्या मुलापर्यंत वर्गाचं लक्ष उडतं. माझ्या मते स्रोत वाटू नयेत, एका प्रश्नाचे टप्पे वाटावेत. प्रश्न असा: आपली शाळा सूर्यावर चालेल का?

पहिल्या स्लाइडवर फक्त हा प्रश्न आणि शाळेच्या गच्चीचा फोटो असावा. ती आणि दुसरी स्लाइड पहिलीकडे द्यावी, कारण दुसरीवर हिशेब आहे. एका वर्गात ७५ वॉटचे चार पंखे आणि २० वॉटच्या पाच ट्यूब, म्हणजे ४०० वॉट. पाच तास चालले तर दोन युनिट. असे बारा वर्ग धरले तर रोज २४ युनिट.

तिसरी स्लाइड सूर्याची. आपल्याकडे एक किलोवॉटचं सौर पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतं. म्हणून सहा किलोवॉट पुरेत आणि त्यासाठी सुमारे ६०० चौरस फूट मोकळी गच्ची लागेल. नेमकी इथेच मुलं चुकतात. किलोवॉट हा वीज तयार होण्याचा वेग आहे, युनिट म्हणजे तयार झालेली वीज. कुणी 'शाळेला २४ किलोवॉट लागतात' म्हणालं, तर गच्ची एकदम २,४०० चौरस फुटांची होते. उत्तर असं चौपट फुगलं की चूक लगेच ओळखावी.

या वक्त्याने शेवटी पुढच्याला प्रश्न द्यावा: 'पण जुलैत आभाळ भरलं तर?' चौथ्या स्लाइडवर तिसरी मुलगी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या दाखवेल. तिथे वारा जोर धरतो तो पावसाळ्यातच. मात्र वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ऊर्जा एक अष्टमांश उरते, हेही तिने सांगावं. मग वारा पडला तर? पाचव्या स्लाइडवर चौथा मुलगा कोयनेचं उत्तर देतो. धरणातलं पाणी थांबवून ठेवता येतं आणि वीज हवी तेव्हा टर्बाइन काही मिनिटांत सुरू होतं.

सहावी स्लाइड पाचवीकडे. तिने आधीच्या चौघांची उत्तरं जोडावीत आणि मर्यादाही सांगाव्यात: गच्चीवर झाडाची सावली, पॅनेलवरची धूळ, पावसाळ्यातली घट. वर्गाचे प्रश्नही तिनेच घ्यावेत, म्हणून तालमीत सर्वांत जास्त वेळ तिला द्या.

प्रत्येकाला दोन मिनिटं, म्हणजे जेमतेम दोनशे शब्द. आणि सादरीकरणाच्या आधी कार्यालयातून शाळेचं वीजबिल मागून घ्या. त्यावरची महिन्याची युनिटं कामाच्या दिवसांनी भागा आणि २४ च्या शेजारी लिहा.